प्लास्टरआधी एक प्रश्न विचारा

प्रति,
फॅमिली डॉक्टर, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारे डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी बसणारे अस्थिरोगतज्ज्ञ यांस,



तुमच्यापैकी अनेकांशी माझी फोनवर ओळख आहे. तुम्ही माझ्याकडे तापाची, दम्याची, झटक्यांची मुलं पाठवता आणि सोबतची चिठ्ठी बहुतेक वेळा नेमकी असते. त्यामुळे आज तक्रारीचा सूर लावताना थोडा संकोच वाटतो आहे. पण एका बाबतीत गप्प बसणं आता जमत नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल दंडापासून तळहातापर्यंत प्लास्टरचा स्लॅब घालून माझ्यासमोर येतं. आईच्या पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट असतं. आत खांदा, कोपर, मनगट अशा तीन फिल्म असतात आणि तिन्ही नॉर्मल असतात. "फ्रॅक्चर कुठे आहे?" असं विचारलं की आई सांगते, "फ्रॅक्चर नाहीये म्हणाले. पण पोर हात हलवत नाही ना, म्हणून सपोर्टला घातलंय."

या सपोर्टबद्दल मला बोलायचं आहे.

अशा मुलांपैकी बहुतेकांना पुल्ड एल्बो झालेला असतो. घरचे म्हणतात हात उतरला, हात निखळला, मुरगळला. आपण सगळ्यांनी एमबीबीएसला तो अर्ध्या पानात वाचला, तोंडी परीक्षेत एकदा सांगितला आणि विसरलो. ज्यांनी बालरोग किंवा अस्थिरोग विभागात काम केलं त्यांना तो हाताने शिकायला मिळाला, बाकीच्यांना नाही. त्यात तुमचा दोष फारसा नाही. पण दवाखान्याची पाटी लावल्यावर दर वर्षी अशी काही मुलं दारात येणारच. मग ज्या आजाराचं निदान एका प्रश्नावर होतं आणि उपचार अर्ध्या मिनिटाचा आहे, त्याच्यासाठी तीन फिल्म आणि तीन आठवड्यांचा स्लॅब का, हे विचारायचा हक्क मला आहे असं वाटतं.

हे पत्र आईवडीलही वाचणार, म्हणून आत काय होतं ते आधी सांगते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला रेडियस या हाडाचं वरचं टोक असतं. त्याच्याभोवती एक चिवट पट्टा असतो, अॅन्युलर लिगामेंट, हातात बांगडी असते तसा. रेडियस त्या पट्ट्याच्या आत फिरतं म्हणून आपण तळहात वर-खाली वळवू शकतो. चार-पाच वर्षांच्या आत या पट्ट्याची खालची कड हाडाच्या मानेला सैल चिकटलेली असते. कोपर सरळ आहे, तळहात खाली वळलेला आहे आणि अशा वेळी मनगटापाशी धरून कुणी झटका दिला, तर हाड खाली ओढलं जातं आणि पट्ट्याची कड हाडाच्या डोक्यावरून वर सरकून सांध्यात अडकते. हाड मोडत नाही, सांधाही खऱ्या अर्थाने निखळत नाही. मऊ पट्टा चिमटला जातो, एवढंच. पुढे पाचव्या वर्षाच्या आसपास हा पट्टा जाड आणि घट्ट होतो, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये हा प्रकार जवळजवळ दिसत नाही. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे की लहान मुलांमध्ये रेडियसचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, म्हणून पट्टा निसटतो. ते खरं नाही. डोकं त्या वयातही मानेपेक्षा मोठंच असतं. सैलपणा पट्ट्याच्या चिकटण्यात आहे.

आता पहिली तक्रार. तुम्ही विचारता, "पडला का?" घरचे म्हणतात, "नाही, पडला नाही." मग तुम्ही विचारता, "कशाला तरी आपटला का?" त्यावर कुणीतरी आजी म्हणते, "काल सोफ्यावरून उडी मारली होती बघा." आणि गाडी त्या सोफ्याच्या दिशेने निघते. मुलाला स्वतःला सांगता येत नाही. सांगायला लावलं तर ते मनगट दाखवतं, कारण दुखणं कोपराकडून खाली जाणवतं. म्हणून मनगटाचा एक्स-रे निघतो. घरचे म्हणतात खांदा निखळला, म्हणून खांद्याचाही निघतो.

प्रश्न जरा बदलून विचारा. "हात नीट वापरताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" आणि मग, "त्याच्यानंतर कुणी हाताला धरून उचललं, ओढलं, कपडे घालताना बाहीतून हात खेचला, असं काही झालं का?" दुसरा प्रश्न विचारताना आवाज सहज ठेवा. घरात सासू, जाऊ, सांभाळायला येणारी बाई, सगळे तिथे उभे असतात. "कुणी ओढलं?" असं दरडावून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण ज्याने ओढलं तो आधीच घाबरलेला असतो. उलट, "या वयात रस्ता ओलांडताना हात धरला तरी होतं, कुणाची चूक नसते," असं आधी म्हणालात की मागून हलक्या आवाजात माहिती येते. एसटीची पायरी चढवताना वर घेतलं. गटारावरून उचलून पलीकडे ठेवलं. काका आणि बाबा दोघांनी दोन हात धरून झोका दिला. दुकानात पोर फरशीवर लोळण घालत होतं तेव्हा उठवलं. पाळणाघरात स्वेटर चढवला. डावा हात जास्त वेळा का सापडतो, तेही यातच आहे: मोठी माणसं बहुधा उजव्या हाताने मुलाचा डावा हात धरतात.

कधी ओढल्याची गोष्ट सापडतच नाही. कुणी पाहिलेलं नसतं, किंवा मूल झोपेत कूस बदलताना अंगाखाली हात अडकलेला असतो. तरीही प्रश्न विचारून झाल्यावर तुमच्याकडे डोळे असतातच.

दुसरी तक्रार डोळ्यांबद्दलच आहे. मूल आत आलं की तुम्ही लगेच दुखरा हात धरता, ते किंचाळतं, आणि मग कुठे दुखतं हे कुणालाच कळत नाही. थोडा वेळ हात न लावता बघा. पुल्ड एल्बोचं मूल सहसा रडत नसतं. झटका बसला तेव्हा एकदा मोठ्याने रडलं, मग शांत झालं. आता ते आईच्या मांडीवर बसून चांगल्या हाताने तुमचा स्टेथोस्कोप ओढतं आहे आणि दुसरा हात शरीराजवळ, कोपरात जरासा वाकलेला, तळहात मागे वळलेला असा नुसता ठेवून दिलेला आहे. त्या हाताच्या बाजूने चॉकलेट दिलं तर ते वळून दुसऱ्या हाताने घेतं. हे चित्र इतकं ठळक असतं की दारातून आत येतानाच ओळखू येतं.

मग तपासा, पण चांगल्या हातापासून सुरुवात करा म्हणजे मुलाचा विश्वास बसतो. नंतर दुखऱ्या बाजूचं गळ्याजवळचं हाड, खांदा, दंड, मग मनगटाकडून वर येत हाताची दोन्ही हाडं हलकेच दाबत या. कोपर शेवटी. सूज नाही, काळंनिळं नाही, हाड दाबल्यावर एका ठरावीक जागी मूल दचकत नाही, बोटं कोमट आणि हलती आहेत. पण तळहात वर वळवायला गेलं की तोंड वाकडं होतं आणि हात मागे घेतला जातो. गोष्ट आणि चित्र असं जुळलं की एक्स-रेची गरज नाही.

एक्स-रेवर इतकं अडून बसायचं कारण नाही, याचं आणखी एक कारण आहे. तो पट्टा एक्स-रेवर दिसतच नाही. शिवाय अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांमध्ये रेडियसचं डोकं अजून कूर्चेचंच असतं, त्यात हाडाचा ठिपका उगवायला सहसा आणखी वर्ष-दोन वर्षं जावी लागतात. म्हणजे ज्या जागेबद्दल शंका आहे, ती जागाच फिल्मवर कोरी असते. दुसरीकडे या वयातल्या कोपराच्या फिल्मवर हाडांचे सुटे ठिपके दिसायला लागलेले असतात आणि रात्री दोन वाजता ते ठिपके बघणाऱ्याला तुकडे वाटू शकतात. माझ्याकडे आलेल्या काही स्लॅबची सुरुवात अशाच एखाद्या ठिपक्यापासून झाली होती.

गंमत म्हणजे एक्स-रेमुळे कधीकधी मूल बरं होतं. तंत्रज्ञ सरळ फोटो यावा म्हणून कोपर ताठ करून तळहात वर वळवतो, त्या वळवण्यात पट्टा जागेवर जातो आणि मूल बाहेर येताना त्याच हाताने दार ढकलतं. वडील समाधानाने सांगतात, "फोटो काढल्यावर थांबलं बघा." तंत्रज्ञाला कुणी श्रेय देत नाही, ते द्यायला हवं.

एक उदाहरण सांगते. गाव आणि दवाखाना सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठेही घडू शकली असती. मुलगी सव्वादोन वर्षांची. संध्याकाळी आत्याबरोबर बाजारातून परत येताना रस्त्यात मागून मोटारसायकल आली, आत्याने डावा हात धरून तिला बाजूला ओढलं. मुलगी रडली, आत्याने उचलून घेतलं, घरी येईपर्यंत रडणं थांबलं. रात्री जेवताना तिने डावा हात ताटाजवळ आणला नाही. आजीने तेल कोमट करून खांद्यापासून चोळलं, मुलगी पुन्हा रडली. जवळच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं आणि सकाळी फोटो काढायला सांगितलं. सकाळी दुसऱ्या ठिकाणी तीन फिल्म निघाल्या. नॉर्मल. "केसासारखी चीर असेल, दिसत नसेल," असं सांगून स्लॅब घातला गेला आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. दुपारी मुलीला सर्दी-ताप होता म्हणून ते माझ्याकडे आले. हात दाखवायला आलेच नव्हते. तापामुळे मी आधी सांधा तपासला, कारण ताप असलेल्या मुलाने हात वापरायचं थांबवलं तर सांध्यात किंवा हाडात पू झाला नाही ना, हे आधी बघावं लागतं. घसा लाल होता, नाक वाहत होतं, घरातल्या मोठ्या भावालाही तेच होतं. पट्टी सोडून स्लॅब बाजूला केला. कोपर गार, सूज नाही, हाडावर कुठेही दाबून दुखत नव्हतं, तळहात वर वळवला की मात्र रडायची. फिल्म पुन्हा पाहिल्या, कोपराच्या हाडामागे चरबीची काळी सावली वर उचललेली नव्हती. ती असती तर लपलेलं फ्रॅक्चर समजून मी स्लॅब परत बांधला असता. "कुणी हात धरून बाजूला घेतलं होतं का?" असं विचारल्यावर आत्याने मान खाली घातली. हात एकदा वळवला, अंगठ्याखाली बारीक टक असं लागलं. मुलगी जोरात रडली. मी त्यांना बाहेर बाकावर बसवून पुढचं मूल आत घेतलं. साधारण वीस मिनिटांनी बाहेर डोकावले तर मुलगी डाव्या हाताने आत्याच्या केसांची क्लिप काढत होती.

या उदाहरणात कुणी निष्काळजी नव्हतं. ज्या डॉक्टरांनी स्लॅब घातला त्यांनी मूल तपासलं होतं, फिल्म नीट पाहिल्या होत्या. फक्त मोटारसायकलबद्दल कुणी विचारलं नाही.

आता उपचाराबद्दल, कारण इथे माझी विनंती सगळ्यात स्पष्ट आहे. आपल्याला कॉलेजात शिकवलं ते सुपिनेशन: तळहात वर वळवा आणि कोपर पूर्ण वाकवा. ती पद्धत चालते. पण उलट दिशेने, म्हणजे तळहात खाली आणि आणखी खाली वळवण्याची हायपरप्रोनेशनची पद्धत पहिल्या झटक्यात जास्त वेळा यशस्वी होते. कोक्रेनच्या २०१७ सालच्या आढाव्यात नऊ चाचण्यांमधली मुलं एकत्र पाहिली गेली. पहिल्या प्रयत्नात सुपिनेशन शंभरातल्या सुमारे २६ मुलांमध्ये फसलं, हायपरप्रोनेशन सुमारे ९ मुलांमध्ये. त्या चाचण्यांच्या दर्जाबद्दल आढावा लिहिणाऱ्यांनीच शंका नोंदवली आहे, तेव्हा आकडे ताम्रपटासारखे धरू नका. पण कौल एकाच बाजूचा आहे आणि मुलाला दुसऱ्यांदा रडवायचं नसेल तर तोच आधी करून बघण्यात शहाणपण आहे.

करायचं कसं, ते ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल आईच्या मांडीवर, तोंड तुमच्याकडे, आईने चांगला हात आणि कंबर धरलेली. घरच्यांना आधीच सांगा की क्षणभर दुखेल आणि ते रडेल. तुमच्या एका हाताने कोपर खालून पेला, अंगठा बाहेरच्या बाजूला रेडियसच्या डोक्यावर. कोपर काटकोनात. दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर धरा आणि न ओढता, एका सलग ठाम हालचालीत, तळहात जमिनीकडे आणि मग अंगठा खाली जाईपर्यंत वळवा. अंगठ्याखाली टक लागतं. कधी ऐकू येतं, कधी फक्त जाणवतं. लागलं की हात सोडा. ओढायचं नाही, हे पुन्हा सांगते, कारण ओढण्यानेच तर हे झालेलं असतं. टक लागलं नाही तरी लगेच दुसरा प्रयत्न करू नका.

तिसरी तक्रार इथली आहे: आपण थांबत नाही. वळवल्या वळवल्या "हात वर कर बघू" म्हणतो, मूल घाबरलेलं असतं, हात वर करत नाही, आणि आपण ठरवतो की जमलं नाही. मग पुन्हा वळवतो, पुन्हा रडवतो, शेवटी स्लॅब. हात जागेवर गेल्यावर मुलाला तो वापरायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, आणि पट्टा कित्येक तास अडकलेला असेल तर अर्धा तास किंवा जास्तही. तुम्ही समोर उभे असाल तर ते मुळीच वापरणार नाही. बाहेर पाठवा. त्याच्या दुखऱ्या बाजूला, थोडं उंच, त्याच्या आवडीची वस्तू धरायला सांगा. बिस्कीट सगळ्यात चांगलं. किल्ल्यांचा जुडगाही चालतो. दहा-पंधरा मिनिटांत काही नाही झालं, तर तीच हालचाल आणखी एकदा, किंवा मग सुपिनेशन. दोन-तीन प्रयत्नांनंतरही हात पडूनच असेल तर हट्ट सोडा. आता एक्स-रे काढा, निदान पुन्हा तपासा. सगळं साफ निघालं तर झोळी बांधा आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवा. बऱ्याच मुलांमध्ये तोवर पट्टा आपोआप जागेवर गेलेला असतो.

आणि याच आपोआप बरं होण्यामुळे प्लास्टरचं नाव चांगलं राहिलं आहे, असा मला संशय आहे. स्लॅब घालून तीन आठवड्यांनी काढला, हात हलला, सगळे खूश. तो हात दुसऱ्याच दिवशी बरा झाला असता, हे सिद्ध करायला कुणी मागे जात नाही. दरम्यान मुलाची अंघोळ अर्धी, स्लॅबच्या आत बिस्किटाचा चुरा, रात्री खाज, आणि रोजंदारीवरच्या आईची बुडलेली हजेरी. पहिल्यांदा झालेला पुल्ड एल्बो जागेवर गेला की स्लॅब नको, झोळी नको, वेदनाशामकही बहुतेक नको.

तुमच्या बाजूचा मुद्दा मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. फ्रॅक्चर असताना हात वळवला तर? म्हणूनच कुठे वळवायचं नाही, त्याबाबत मी तुमच्यापेक्षाही कडक आहे. मूल उंचावरून किंवा हातावर पडलं असेल, कोपराला सूज असेल, काळंनिळं असेल, कोपराच्या वर दाबून दुखत असेल, तर हात आहे त्या स्थितीत आधार द्या आणि फिल्म काढा. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचं फ्रॅक्चर याच वयापासून सुरू होतं. त्याच्या शेजारून हाताची मुख्य धमनी जाते आणि तिथे वळवावळवी म्हणजे संकटाला आमंत्रण. ताप असेल आणि कोपर गरम असेल तर वळवू नका, पाठवून द्या. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलात पुल्ड एल्बो म्हणण्याआधी दोनदा विचार करा. न रांगणाऱ्या तान्ह्या बाळाने हात हलवायचं थांबवलं, किंवा सांगितलेली गोष्ट दर वेळी बदलत असेल आणि अंगावर दुसरीकडेही वळ असतील, तर प्रश्न कोपराच्या पलीकडचा आहे, तो टाळू नका. या सगळ्यांना फिल्म आणि वेळ द्या. उरलेल्यांना, ज्यांची गोष्ट हात ओढल्याची आहे आणि कोपर शांत आहे, त्यांना नको.

हाडवैद्यांबद्दल तुम्ही माझ्याकडे नेहमी कुरकुर करता, म्हणून त्याबद्दलही. आपल्याकडे अर्धी मुलं आधी तिकडे जाऊन येतात. त्यांच्यातल्या काहींच्या हातात हे वळवणं चांगलं बसलेलं आहे, हे मी पाहिलं आहे. मूल हसत परत येतं आणि आपल्याकडे पोचतही नाही. मला भीती वाटते ती नुसत्या चोळण्याची आणि त्याहून जास्त, सुजलेल्या कोपरावर कामट्या लावून घट्ट बांधण्याची. खाली फ्रॅक्चर असेल आणि पट्टी आवळलेली असेल तर स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि बोटं कायमची आत वळतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं, आणि आजही आपल्या जिल्ह्यांत असे हात दिसतात. पण घट्ट स्लॅबनेही तेच होऊ शकतं. बोटं सरळ करताना मूल किंचाळत असेल, बोटं पांढरी, गार किंवा सुजलेली असतील, तर कामट्या असोत की आपलं प्लास्टर, ते लगेच सोडायला हवं. कुणी बांधलं याची चर्चा नंतर करू.

माझी शेवटची विनंती कागदाबद्दल आहे. घरी जाणाऱ्या कुटुंबाच्या हातात मराठीत लिहिलेल्या चार ओळी द्या. लेटरहेडच्या मागच्या बाजूला झेरॉक्स काढून ठेवलीत तरी चालेल. हाड मोडलेलं नाही. हात ओढला गेल्याने कोपरातला पट्टा अडकला होता, तो जागेवर बसवला आहे. पुढची दोन-तीन वर्षं मुलाला मनगटाला किंवा हाताला धरून उचलू नका, दोन्ही बाजूंनी झोका देऊ नका. उचलायचं तर काखेत हात घालून. पाळणाघरात आणि अंगणवाडीत हे सांगून ठेवा. काही मुलांना हे परत होतं, कोपर त्याच बाजूचं किंवा दुसऱ्या बाजूचंही. झालं तर तेल लावून चोळू नका, बांधू नका, त्याच दिवशी दाखवा. वारंवार होणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना ही हालचाल शिकवावी की नाही यावर मतभेद आहेत. मी शिकवते, पण फक्त दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, आणि पडल्याची काही कहाणी असेल तर हात लावायचा नाही ही अट घालून.

आणि त्या चार ओळींत एक पाचवी वाढवा: यात कुणाची चूक नाही. वैद्यकीयदृष्ट्या ती ओळ फालतू वाटेल. पण त्या आत्याला घरी परत जायचं होतं. तिने मुलीला मोटारसायकलखाली जाऊ दिलं नाही, याचा उल्लेख त्या दिवशी घरात कुणी केला असेल असं मला वाटत नाही. सांभाळायला येणाऱ्या बाईची तर नोकरी जाते. "हात कुणी निखळवला" या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांच्या कागदावर लिहून आलं तर ते घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजालाही मान्य करावं लागतं.

ज्यांना हे वळवणं एकदा समोर बसून पाहायचं असेल त्यांनी कळवावं. तुमच्या तालुक्याच्या आयएमएच्या महिन्याच्या बैठकीत जेवणाआधीची पंधरा मिनिटं मला द्या, मी येईन. एकमेकांच्या कोपरावर जागा शोधून ठेवू. पहिलं मूल आलं की बाकीचं जमतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक बालरोगतज्ज्ञ

ता. क. रात्री फोन येईल: "डॉक्टर, पोर हात उचलत नाही, सकाळी आणलं तर चालेल का?" तेव्हा आधी विचारा, पडलं आहे का, सूज आहे का, ताप आहे का, बोटं हलतात का. पडलेलं असेल, सूज किंवा ताप असेल, किंवा बोटं हलत नसतील, गार वाटत असतील, तर लगेच बोलवा. नुसता हात ओढला गेला असेल आणि मूल शांत झोपलं असेल, तर सकाळची वाट पाहिल्याने हाताचं नुकसान होत नाही. फक्त तेलाची वाटी गॅसवर ठेवू नका म्हणावं.